शिडीचं गणित: आकडे घालायची घाई नको

तुम्ही सोडवलेल्या गणिताचा फोटो पाहिला. भिंतीला टेकलेली 10 मीटरची शिडी, खालचं टोक भिंतीपासून 0.5 मी/से वेगाने दूर सरकतंय. ते 6 मीटरवर असताना वरचं टोक किती वेगाने खाली येतंय?

तुम्ही पहिल्याच ओळीत 6 घातलात, तिथेच गाडी अडली. 36 + y² = 100 लिहिलं की y, म्हणजे वरच्या टोकाची उंची, कायमची 8 होऊन बसते आणि dy/dt शून्य येतं. सरकत्या शिडीचं उत्तर शून्य आलं, तर आकडा लवकर घातला गेलाय असं समजा.

आधी आकृती काढा आणि शेजारी शब्दांत लिहा: t या वेळी खालच्या टोकाचं भिंतीपासून अंतर x, वरच्या टोकाची जमिनीपासून उंची y. दोन्ही बदलतात, स्थिर आहे ती फक्त शिडीची लांबी. मग याच क्रमाने:

1. x² + y² = 100
2. t च्या सापेक्ष डिफरन्शिएट करा: 2x(dx/dt) + 2y(dy/dt) = 0
3. आता x = 6, y = 8, dx/dt = 0.5 घाला.

3 + 8(dy/dt) = 0, म्हणून dy/dt = −0.375 मी/से.

ते ऋण चिन्ह खोडू नका, उंची कमी होतेय एवढंच ते सांगतं. खाली येण्याचा वेग 0.375 मी/से.