हाफ फ्राय, दुधातलं कच्चं अंडं आणि पाचवा महिना

“मला पाचवा महिना चालू आहे. परवा नाश्त्याला हाफ फ्राय खाल्लं, बलक पातळच होता. नंतर शेजारच्या वहिनी म्हणाल्या, गरोदरपणात हे चालत नाही. तेव्हापासून अंडं समोर आलं तरी भीती वाटते. सासरे म्हणतात, कच्चं अंडं दुधात फेटून घे, ताकद येते. तीन वर्षांच्या मुलीलाही ते तसंच देतात. आणि लंडनची नणंद म्हणते, तिच्याकडे डॉक्टरच पातळ बलक खा म्हणतात. आम्ही नक्की काय करायचं?”

कोल्हापूरकडच्या या ताई आल्या तेव्हा आधी परवाच्या त्या अंड्याची भीती घालवणं गरजेचं होतं. ती मनात असताना बाकीचं काही कानावर पडलं नसतं. मी विचारलं, ताप आला का? पोटात कळा, जुलाब, उलट्या? यातलं काहीच नव्हतं. अंड्यातून येणाऱ्या साल्मोनेला या जंतूचा त्रास खाल्ल्यापासून साधारण सहा तासांनंतर कधीही, उशिरात उशिरा सहा दिवसांपर्यंत सुरू होऊ शकतो. म्हणून अजून चार दिवस लक्ष ठेवायचं, एवढंच. एरवी काही तपासणी नको, औषध नको. बहुतेक अंड्यांत हा जंतू नसतोच, त्यामुळे एका हाफ फ्रायनं काही झालं नाही यात नवल नाही. पण तेच रोज करत राहिलं की कधीतरी जंतू असलेलं एखादं अंडं वाट्याला येतं, आणि ते कोणतं ते आधी कळत नाही. वास येत नाही, रंग बदलत नाही. पाण्यात बुडवून पाहायची युक्ती अंडं जुनं आहे की ताजं एवढंच सांगते, जंतूचं काही सांगत नाही.

गरोदर बाईसाठी खरी काळजी जुलाब-उलट्यांमुळे अंगातलं पाणी कमी होण्याची आणि तापाची असते. बाळापर्यंत जंतू क्वचितच पोचतो, पण पोचला तर गंभीर ठरतो. त्यामुळे पातळ बलक खाल्ल्यावर ताप चढला, पोटात घेतलेलं पाणी टिकेना, लघवी कमी झाली किंवा शौचात रक्त दिसलं तर थांबायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं आणि काय खाल्लं तेही सांगायचं. तोवर ओआरएस घोट घोट घेत राहायचं. जुलाब थांबवण्याची गोळी मात्र आपल्या मनानं घ्यायची नाही.

मग दुसरी गोष्ट निघाली. त्यांनी अंडी बंदच केली होती. मला हे हाफ फ्रायपेक्षा जास्त खटकलं. ताईंना मासे आवडत नाहीत, डाळीचाही फारसा उत्साह नाही. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास चांगली प्रथिनं असतात आणि बाळाच्या मेंदूला लागणारं कोलिनही भरपूर असतं. ते सोडून देण्याचं काही कारण नव्हतं. बदलायचं होतं ते शिजवणं.

त्या घरी काय करतात ते मी त्यांच्याकडून पायरीपायरीने ऐकून घेतलं. तवा कडकडीत तापवायचा, तेल सोडायचं, अंडं फोडायचं, कडा कुरकुरीत तपकिरी झाल्या की उचलायचं. तिथेच सारं कळलं. मोठ्या आचेवर खालून कडा जळतात, पांढरं शिजतं, पण वर बसलेल्या बलकापर्यंत उष्णता पोचायच्या आत अंडं ताटात आलेलं असतं. पांढरं साधारण ६२ अंशांपासून घट्ट व्हायला लागतं, बलक पक्का व्हायला ७०च्या जवळपास जावं लागतं. आणि अंड्यात ७१ अंश गाठले की साल्मोनेला मरतो. हे दोन आकडे इतके जवळ आहेत म्हणून घरात थर्मामीटर नसला तरी अडत नाही. बलक मध्यापर्यंत घट्ट झाला, म्हणजे पुरेशी उष्णता आत पोचली. बलक ओघळतो आहे, म्हणजे पोचली नाही. मी गरोदर बायकांना एवढं एकच पारखून घ्यायला सांगते.

तसंच अंडं घरी करायचं तर आच मंद ठेवायची. कडांनी पांढरं दिसू लागलं की कडेला दोन चमचे पाणी सोडून झाकण ठेवायचं आणि दोन-तीन मिनिटं वाफेवर ठेवायचं. बलकावर पांढरट पडदा आला म्हणजे झालं असं बऱ्याच जणींना वाटतं. तो पडदा फक्त वरच्या पातळ पांढऱ्याचा असतो, खाली बलक अजून पातळ असू शकतो. म्हणून चमच्याच्या पाठीनं मध्यावर हलकेच दाबून बघा. लवचिक, डुलणारा लागला तर उलटून आणखी मिनिटभर ठेवा. पहिल्यांदा कापून बघायला हरकत नाही. आतून ओला थेंब आला नाही की ते खायला योग्य. ताईंना कोरडा बलक घशाला चिकटतो ही तक्रार होती, आणि ती खरी आहे. त्यावर अंडं कापून मिरपूड, लिंबू घालून पोळीत गुंडाळणं किंवा रस्स्यात सोडणं बरं पडतं.

उकडलेल्या अंड्यातही एक चूक सापडली. त्या गॅस पेटवल्यापासून सात मिनिटं मोजत होत्या. थंड पाण्याला उकळी यायलाच चार-पाच मिनिटं जातात, म्हणजे उकळत्या पाण्यात अंडं दोन-तीनच मिनिटं राहत होतं. मोजायचं ते उकळी आल्यापासून. पाणी अंड्यांवर दोन बोटं असू द्यावं, उकळी आली की आच कमी करून दहा मिनिटं ठेवावं. अंडी मोठी असतील किंवा थेट फ्रीजमधली असतील तर बारा. बलकाभोवती हिरवट-करडी कडा आली तर अंडं जास्त उकडलं एवढाच त्याचा अर्थ, बिघडलं असा नाही. भुर्जीही तव्यावर पाणचट चकाकी राहिली तर अर्धवटच समजावी. पाव मऊ लागावा म्हणून गाडीवर बरेचदा ती ओली उतरवतात. घरी आणखी दीड-दोन मिनिटं हलवा.

सासऱ्यांचं दूध हा नाजूक विषय होता. ते तरुणपणी तालमीत जायचे, आणि दुधात कच्चं अंडं ही त्यांच्या मनातली ताकदीची खूण आहे. म्हणून मी त्यांनाही बोलावून घेतलं. ते म्हणाले, “दूध गरमच असतं की हो.” मग आम्ही हिशेब मांडला. पिण्यासारखं गरम म्हणजे साधारण ६० अंशांचं दूध, पेलाभर म्हणजे २०० मिली. त्यात २८ अंशांचं ५० मिलीचं अंडं घातलं की सगळं मिळून ५४ अंशांच्या आत येतं, आणि पितापिता आणखी निवतं. एवढ्यावर जंतू मरेल याचा भरवसा नाही. आणि ताकदीचंच म्हणाल तर कच्च्या अंड्यातली प्रथिनं शरीराला निम्म्याच्या आसपासच पचतात, शिजवलेल्या अंड्यातली नव्वद टक्क्यांच्या आसपास. तालमीतल्या माणसाला हा मुद्दा लगेच पटला. “म्हणजे निम्मं वाया,” म्हणाले. मी म्हटलं, आप्पा, नातीला तेच अंडं पूर्ण उकडून, कुस्करून दुधासोबत द्या, दुप्पट लागेल. दुधातच हवं असेल तर अंडं दुधात फेटून मंद आचेवर सतत ढवळत शिजवावं आणि चमच्याच्या पाठीवर जाडसर थर टिकू लागला की थोडा वेळ आणखी आचेवर ठेवून उतरवावं. हे गोडसर कस्टर्डच झालं. उकळी फुटू दिली तर अंडं फाटतं.

नणंद खोटं बोलत नव्हती. ब्रिटनमध्ये २०१७ साली तिथल्या अन्नसुरक्षा संस्थेने सिंहाचा शिक्का असलेली अंडी गरोदर बायकांनी आणि बाळांनी पातळ बलकाची खाल्ली तरी चालतील असं जाहीर केलं. कारण त्या शिक्क्याखाली कोंबड्यांना साल्मोनेलाविरुद्ध लस दिली जाते आणि फार्मपासून दुकानापर्यंत माग ठेवला जातो. ही सवलत अशा खात्रीच्या योजनेतल्या अंड्यांपुरती आहे, तिथल्या सगळ्या अंड्यांना नाही. आपल्याकडच्या किराणा दुकानातल्या अंड्यांवर असा शिक्का नसतो, म्हणून तो नियम इथे लागू होत नाही. आपली गावरान अंडी तरी यातून सुटतात का, असं ताईंनी विचारलं. नाही. घरच्या कोंबड्यांना बहुतेकदा ही लस दिलेली नसते आणि खुराड्यात कवचावर विष्ठा लागलेली असते. अंडं चवीला भले चांगलं, शिजवायचं मात्र तितकंच. तडकलेलं अंडं नकोच. विष्ठा लागलेलं असेल तर फोडण्याच्या आधी धुवा, आणून लगेच धुवून ठेवू नका, कारण कवच सच्छिद्र असतं आणि ओलसरपणातून जंतू आत जाऊ शकतो. कच्चं अंडं हाताळल्यावर हात साबणाने धुवा, आणि ज्या वाटीत कच्चं अंडं फोडलं ती तशीच सॅलडला वापरू नका.

मुलीबद्दल आणखी एक सांगायचं होतं. ती आईबरोबर केक करते आणि उरलेलं बॅटर बोटाने चाटते. भांडं धुवायला जाईपर्यंत ते बॅटर कच्चं अंडंच असतं, त्यामुळे भांडं तिच्या हाती देऊ नका. त्याऐवजी पहिला भाजलेला कपकेक तिच्यासाठी ठेवा. घरी केलेलं मेयोनेज, चॉकलेट मूस, न शिजवलेलं आइस्क्रीम, तिरामिसू यांत कच्चं अंडं असू शकतं. केरळने २०२३ मध्ये, तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर बंदी घातली होती. बाटलीतल्या मेयोनेजचं लेबल वाचा; अंड्याविना असेल, किंवा पाश्चराइज्ड अंड्याचं असेल तर हरकत नाही. हॉटेलात किंवा लग्नात पातळ पांढरं मेयोनेज वाटीत दिसलं आणि ते कशाचं ते वाढणाऱ्याला सांगता आलं नाही, तर गरोदरपणात आणि लहान मुलीच्या ताटात ते वाढू देऊ नका. डब्यात उकडलेलं अंडं देत असाल तर ते उन्हाळ्यात तासाभरात, एरवी दोन तासांत खाल्लं जावं, नाहीतर बर्फाच्या पाकिटासोबत द्या.

पुढच्या वेळी ताई आल्या तेव्हा रोज एक पूर्ण शिजलेलं अंडं खात होत्या. आठवड्यातून एकदा कांदा-टोमॅटोच्या रस्स्यात सोडलेलं अंडं होतं, तेही झाकण ठेवून. आप्पांनी दुधाचा पेला सोडलेला नाही, पण आता अंडं ते बाजूला उकडून घेतात. मुलीला अर्धं अंडं आवडतं, बलकाचा भाग ती वेगळा काढते. तो बलक ताई भातात कालवून देतात.