कमोडच्या सीटचे गंजलेले बोल्ट: नट हलत नसेल तर

अरे, रात्रभर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवलास आणि तरी नट हलत नाहीये ना, मग आता पान्याने अजून जोर लावू नकोस, कारण जोर सगळा चिनी मातीवर येतो आणि भोकापाशी तडा गेला की अख्खं कमोड बदलावं लागतं. हातोडी तर अजिबात नको.

बोल्ट कापायला हॅक्सॉचं नुसतं ब्लेड घे, फ्रेम तिथे मावतच नाही. बारीक दातांचं, इंचाला २४ वालं, आणि एका टोकाला जाड कापड गुंडाळून त्यावर टेप मार म्हणजे हात कापणार नाही. वरून काप, बिजागरी आणि कमोड यांच्या मधल्या फटीत, खाली नटाकडे हातच नीट जात नाही. कमोडवर आधी टेपचे दोन-तीन थर लाव, त्यावर पत्र्याचा पातळ तुकडा सरकव, नाहीतर ग्लेझवर ओरखडे पडतात आणि ते कधीच जात नाहीत.

ब्लेड आडवं धर, दातांची टोकं तुझ्याकडे झुकलेली, ओढताना काप, ढकललंस तर वाकतं. घाई नको. आमच्याकडचा पितळी बोल्ट दहा मिनिटांत गेला, दुसरा लोखंडी होता त्याला अर्धा तास लागला आणि एक ब्लेड मोडलं, म्हणून दोन-तीन आणून ठेव आणि चष्मा घाल. बोल्ट फिरत असेल तर खालून नट पक्कडीत धरायला कोणालातरी बसव.

नवीन सीटला प्लास्टिकचे बोल्ट घे, ते गंजतच नाहीत, फक्त हातानेच आवळ.