साध्या डायव्हर्टिक्युलायटिसला अँटिबायोटिक लागतंच का?

प्रश्न: सीटी स्कॅनमध्ये साधा डायव्हर्टिक्युलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या भिंतीतल्या छोट्या पिशव्यांची सूज, निघाला, पण डॉक्टरांनी अँटिबायोटिक न देता घरी पाठवलं. हे बरोबर आहे का? द्यायचं झालं तर कोणतं देतात?

हो, बरोबर आहे. सीटीत गळू किंवा आतडं फुटल्याची खूण नसेल आणि तब्येत एरवी धडधाकट असेल, तर अँटिबायोटिकशिवाय बरं होता येतं. स्वीडन-आइसलंडमधल्या (2012) आणि नेदरलँड्समधल्या (2017) चाचण्यांत औषध दिलेले आणि न दिलेले रुग्ण जवळपास सारखेच बरे झाले, कारण हा त्रास बऱ्याचदा जंतूंपेक्षा सुजेचाच असतो. समजा, 48 वर्षांचा माणूस आहे, डाव्या ओटीपोटात दुखतंय, ताप 37.8, पाणी पोटात टिकतंय. त्याला पॅरासिटामॉल, दोन-तीन दिवस पातळ आहार आणि 48 ते 72 तासांनी पुन्हा तपासणी एवढं पुरतं. आयबुप्रोफेन मात्र टाळावं, त्याने आतडं फुटायचा धोका वाढतो.

प्रतिकारशक्ती कमी असेल, गरोदरपण असेल, उलट्या थांबत नसतील किंवा रक्ततपासणीत सूज दाखवणारं सीआरपी 140 च्या वर असेल, तर अँटिबायोटिक देतात. तोंडाने घेता येत असेल तर सहसा 4 ते 7 दिवस:

- अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेट 875/125 मिग्रॅ, दिवसातून दोनदा, किंवा
- सिप्रोफ्लॉक्सासिन 500 मिग्रॅ दोनदा आणि सोबत मेट्रोनिडाझोल 500 मिग्रॅ तीनदा.

मी पहिलं निवडेन. सिप्रोने स्नायुबंध दुखावू शकतात. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर दुसरं, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस डॉक्टरच ठरवतील. दुखणं पोटभर पसरलं, पोट फळीसारखं कडक झालं किंवा ताप चढत गेला, तर पुढच्या तपासणीची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.