पुसट झालेले मोडी पत्र फोटोवरून लावताना

प्रश्न: पणजोबांनी आजोबांना लिहिलेल्या मोडी पत्राचा फोटो माझ्याकडे आहे. शाई तपकिरी आणि पुसट झाली आहे, अक्षरे एकमेकांत गुंतली आहेत. ते कसे वाचावे?

उत्तर: अक्षरांकडे वळण्यापूर्वी फोटोत उरलेली शाई जितकी उठून दिसेल तितकी दिसू द्यावी. मेसेजवरून आलेल्या फोटोचा आकार बहुधा कमी केलेला असतो आणि त्यात बारीक रेघा हरवतात, म्हणून मूळ फाइलच मागवून घ्यावी. ती GIMP या चित्रसंपादनाच्या प्रोग्राममध्ये उघडून Colors > Components > Decompose येथे RGB निवडले की लाल, हिरवा आणि निळा असे तीन करडे थर वेगळे होतात. तपकिरी झालेली लोहयुक्त शाई निळा प्रकाश अजूनही शोषते, त्यामुळे ती बहुधा निळ्या थरात सर्वांत गडद दिसते. मात्र कागदावरचे पिवळे डागही तिथेच गडद होतात. डागाखालचा मजकूर उरलेल्या दोन थरांशी ताडून पाहावा.

मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढून मग तिला अक्षरे लटकवलेली असतात आणि शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. म्हणून रेघ सलग दिसली तरी शब्द कुठे संपला हे तिच्यावरून कळत नाही. इकार आणि उकार यांत ऱ्हस्व-दीर्घ भेदही नसतो. वाचनाची सुरुवात मी नेहमी मायन्यापासून करतो, कारण तिथले शब्द ठरावीक असतात. वडिलांनी मुलाला लिहिलेल्या पत्रात ‘चिरंजीव’, ‘यांसी’, ‘आशीर्वाद’ हे शब्द सापडण्याची शक्यता मोठी असते. त्यांतले एकेक अक्षर कापून त्याच हाताचा तक्ता तयार करावा. छापील मोडी बाराखडीपेक्षा तो अधिक उपयोगी पडतो. ‘र’ शेजारच्या अक्षराला जोडताना रूप बदलतो, म्हणून त्याची सगळी रूपे तक्त्यात घ्यावीत.

माझ्या घरच्या एका पत्रात ‘येऊनकोसकाळीगायवीकावी’ अशी ओळ होती. मी ती ‘येऊ नको, सकाळी गाय विकावी’ अशी लावली आणि दोन दिवस त्यावर समाधानी राहिलो. ‘स’नंतर शाई गडद झाली होती, पण तो बोरू नव्याने बुडवल्याचा परिणाम होता, तसे शब्दाच्या मधेही होते, म्हणून तिकडे मी लक्ष दिले नाही. तीन ओळी खाली मात्र ‘तांबडीठेवावी’ असे स्पष्ट निघाले. तांबडी ठेवायची, म्हणजे विकायची ती काळी! योग्य वाचन ‘येऊ नकोस, काळी गाय विकावी’ असे होते, आणि इतरत्र ‘जाऊ नकोस’ हे रूप सापडल्यावर शंका उरली नाही.

म्हणून पहिल्या नकलेत शब्द तोडूच नयेत. अक्षरे सलग उतरवून घ्यावीत. जे अक्षर लागत नाही, त्याच्या जागी चौकटी कंस मोकळा ठेवावा आणि अंदाज समासात लिहावा, म्हणजे तो पुढच्या वाचनात खरा मजकूर समजला जात नाही.