कच्च्या तेलाचा भाव आणि दोन विभागांचा नफा

लातूरच्या एखाद्या समूहात सोयाबीनमधून कच्चं तेल काढणारा सॉल्व्हंट प्लांट आणि ते शुद्ध करणारी रिफायनरी असे दोन विभाग आहेत असं धर. आकडे समजण्यापुरते घेऊ. कच्च्या तेलाचा बदलता खर्च किलोला 90 रुपये, रिफायनरीचा आणखी 8, आणि शुद्ध तेल विकतं 112 ला. म्हणजे समूहाला किलोमागे 14 रुपये उरतात.

प्लांट रिफायनरीला कच्चं तेल ज्या अंतर्गत भावाने देतो, तो 100 लावला, तर प्लांटला 10 आणि रिफायनरीला 4. तोच 106 केला, तर प्लांटला 16 आणि रिफायनरीला 2 रुपये तोटा. बेरीज तीच 14. त्यामुळे नुसता विभागाचा नफा बघून मॅनेजरचा बोनस ठरवू नकोस.

खरा घोळ पुढे होतो. आतला भाव 106 आणि बाहेर कच्चं तेल 100 ला मिळतंय म्हटल्यावर रिफायनरीवाला बाहेरूनच घेणार, आणि त्याच्या जागी तो बरोबरच आहे. पण प्लांट रिकामा पडून असेल, तर 90 मध्ये होणाऱ्या मालासाठी समूहाच्या खिशातून 100 गेले. किलोमागे 10 चा फटका, आणि रिफायनरीच्या हिशेबात तो दिसतही नाही.

म्हणून आधी प्लांटची क्षमता विचार. रिकामी असेल तर भाव 90 ते 100 च्या मधे बसव. प्लांट भरून चालत असेल आणि बाहेर 100 ला गिऱ्हाईक असेल, तर 100 च्या खाली मागू नकोस. फक्त आत देताना वाचणारी दलाली आणि भाडं तेवढं वजा कर.