खूण केलेला तांब्या मोडीच्या दुकानात सापडला, आता पुढे काय?

प्रश्न : मी निवृत्त कारकून, राजारामपुरीत अपार्टमेंटमध्ये राहतो. चार महिन्यांत सोसायटीत अकरा किरकोळ चोऱ्या झाल्या. कापशी चप्पल, सायकलचा पंप, पितळी समई अशा वस्तू. मी वहीत सगळं नोंदवलं, यादी सोबत जोडली आहे. शेवटी आमच्या जाळीच्या दाराआत तुळशीजवळ तळाला खूण कोरलेला तांब्या मुद्दाम ठेवला. तोही गेला आणि आठ दिवसांनी एका मोडीच्या दुकानात दिसला. संशय गाड्या धुणाऱ्या मुलावर आहे. सेक्रेटरी म्हणतात, त्याला ऑफिसात कोंडून कबुली लिहून घेऊ. ग्रुपवर त्याचा फोटोही टाकलाय. काय करावं?

उत्तर : नमस्कार काका. आधी सेक्रेटरींना थांबवा, कारण या घडीला सगळ्यात मोठा धोका तिथेच आहे. सामान्य माणसाला दुसऱ्याला पकडता येतं, पण गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असेल, त्याच्या डोळ्यांदेखत घडला असेल, तरच. तेव्हाही सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करावं लागतं. तुमच्यापैकी कोणी चोरी होताना पाहिलेली नाही. मुलाला कोंडलंत तर बेकायदा कोंडून ठेवल्याचा गुन्हा तुमच्यावर लागेल, आणि कबुली काढण्यासाठी कोंडलं तर त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. दमदाटी करून घेतलेली कबुली कोर्टात टिकत नाही. ग्रुपवरचा फोटो आजच काढायला लावा, ती सरळ बदनामी आहे. संशय पोलिसांना प्रामाणिकपणे सांगण्याला कायद्याचं संरक्षण आहे, चारचौघांत ‘चोर’ म्हणण्याला नाही.

आता तुमची वही. मी यादी दोनदा वाचली. तुम्हीच एका कोपऱ्यात लिहिलंय, ‘मुलाची सुट्टी सोमवारी’. अकरापैकी चार नोंदी सोमवारच्या आहेत. एवढ्यावरून तो सुटला असं मी म्हणत नाही, कारण दुसरी एक अडचण आहे. तुम्ही वस्तू गेल्याचं कधी समजलं ते लिहिलंय, शेवटची कधी पाहिली ते नाही. सातव्या नोंदीत चप्पल ‘सोमवारी सकाळी ७’ आहे. ती रविवारी रात्री नऊला जागेवर होती की दुपारपासूनच कोणी पाहिली नव्हती? त्या दोन वेळांमध्ये जिन्यावरून कोण आलं-गेलं, हा खरा प्रश्न. प्रत्येक घरी जाऊन ‘शेवटची पाहिली’ असा रकाना भरून घ्या. जुन्या नोंदी मात्र खोडू नका, नवी माहिती आजची तारीख घालून वेगळ्या पानावर लिहा. उद्या साक्ष द्यायची वेळ आली तर ही वही बघून तुम्हाला स्मरण ताजं करता येईल. खाडाखोड दिसली की समोरचा वकील तिथेच बोट ठेवेल.

तांब्या परत विकत घेऊ नका, हे कळकळीने सांगतो. आपली वस्तू डोळ्यांसमोर दिसली की हात आवरत नाही, मला कळतं. पण तो दुकानातून पोलिसांनी पंचनाम्याने जप्त केला, तरच तो तिथे सापडल्याचं नीट सिद्ध करता येईल. तुम्ही पिशवीत घालून घरी आणलात तर दुकानदार सहज म्हणेल, आमच्याकडे असा तांब्या नव्हताच. दुकानात पुन्हा चौकशीलाही जाऊ नका. मोड कोणाकडून घेतली हे त्याला पोलीस विचारतील, आणि चोराचं नाव तिथूनच कळण्याची शक्यता जास्त आहे. खुणेचा फोटो आधी काढला असेल तर तो मूळ फोनमध्येच राहू द्या.

तक्रार देताना एक गोष्ट फार महत्त्वाची. नव्या कायद्यात पाच हजारांच्या आतली साधी चोरी अदखलपात्र आहे. पोलीस एन.सी. म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद घेतात आणि कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. अशा तक्रारी तिथेच अडकतात. पण राहत्या इमारतीतून झालेली चोरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये येते. तिथे किमतीची अट नाही, गुन्हा दखलपात्र आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत. तुमचा तांब्या जाळीच्या दाराआतून गेला, म्हणून अर्जाची सुरुवात त्यानेच करा आणि जागा स्पष्ट लिहा. जिन्यातली चप्पलही माझ्या मते इमारतीतलीच, पण उघड्या पार्किंगमधल्या पंपाबद्दल पोलीस वेगळं म्हणू शकतात. म्हणून प्रत्येक वस्तूपुढे नेमकी जागा लिहा. मुलाचं नाव आरोपी म्हणून घालू नका, ‘अज्ञात इसम’ लिहा. ठाण्यात गुन्हा नोंदवला नाही तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

गेटवर कॅमेरा असेल तर तांब्या गेला त्या दिवसाचं फुटेज आजच वेगळं काढून ठेवा. यंत्रातली जागा भरली की जुनं पुसून त्यावर नवं चढतं, आणि तुमचे आठ दिवस आधीच गेलेत. फुटेज कोणी, कधी, कोणत्या यंत्रातून उतरवलं ते लिहून ठेवा, कोर्टासाठी लागणारं प्रमाणपत्र त्याच माहितीवर तयार होतं.