दाढ काढल्यावरचा ठणका आणि दादाचं अँटिबायोटिक

प्रश्न: काल दाढ काढली, खूप ठणकतंय. आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र घेतलं तर चालतं का? डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलेलं नाही, मागून घेऊ का?

एकत्र चालतं. अँटिबायोटिक मागू नका.

माझी खालची अक्कलदाढ काढली तेव्हा मी दोन्ही बाबतीत उलटं वागले. पोट बिघडेल म्हणून अगदी सहन होईना तेव्हाच गोळी घ्यायची. तोवर कळ इतकी चढायची की गोळी लागू पडेपर्यंत रडू यायचं. तिसऱ्या दिवशी दुखणं ओसरायचं सोडून वाढलं. कानापर्यंत कळा, तोंडाला घाण वास. ताप मात्र नव्हता, सूजही उतरत होती. दादा म्हणाला, "दुखतंय म्हणजे पू झालाय," आणि घरात उरलेलं अमॉक्सिसिलिन हातावर ठेवलं. दोन दिवस घेतलं. जुलाब लागले, ठणका जागच्या जागी.

शेवटी दंतवैद्यांकडे गेले. त्यांनी आरशात दाखवलं: खड्ड्यात रक्ताची गुठळी नव्हतीच, तळाशी पांढरट हाड उघडं पडलं होतं. याला ड्राय सॉकेट म्हणतात. अँटिबायोटिकने गुठळी परत येत नाही आणि उघडं हाड झाकलंही जात नाही. त्यांनी खड्डा सलाइनने धुऊन औषधी पट्टी भरली, आणि घरी पोचेपर्यंत ठणका बराच उतरला. दादा आजही म्हणतो, त्याच्या गोळ्यांनीच गुण आला, फक्त उशिरा. साफ चूक.

मला त्या दंतवैद्यांनी सांगितलेलं प्रमाण असं: आयब्युप्रोफेन ४०० मिग्रॅ आणि पॅरासिटामॉल ५०० मिग्रॅ, दोन्ही एकदम, काहीतरी खाऊन, दर आठ तासांनी. एक जखमेजवळची दाह वाढवणारी रसायनं कमी करतं, दुसरं मुख्यतः मेंदूच्या पातळीवर वेदना दाबतं, म्हणून जोडी एकेकट्या गोळीपेक्षा भारी पडते. पहिले दोन-तीन दिवस घड्याळ लावून घ्या, कळ चढायची वाट बघू नका. मधे फारच दुखलं तर आधीच्या डोसनंतर चार तासांनी एकटं पॅरासिटामॉल घेता येतं, पण दिवसाची बेरीज ३००० मिग्रॅच्या आत ठेवा. सर्दीच्या गोळ्यांतही ते असतं, तेही मोजा.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत वाढते, त्याला घाबरू नका. त्यानंतरही वाढत राहिली, ताप आला, पू दिसला किंवा तोंड आदल्या दिवसापेक्षा कमी उघडायला लागलं, तर संसर्गाची शंका घ्यायची. तेव्हा अँटिबायोटिक लागू शकतं, तेही दंतवैद्यांनी तपासून दिलेलं. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर थेट रुग्णालय गाठा. हृदयात कृत्रिम झडप असलेल्यांना दाढ काढण्याआधी अँटिबायोटिकचा एक डोस देतात, ती गोष्ट वेगळी.

आणि हो, हे सगळं प्रौढांसाठी. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार, रक्त पातळ करणारी औषधं, वेदनाशामकाने उठणारा दमा किंवा गरोदरपण असेल तर आयब्युप्रोफेन विचारल्याशिवाय घेऊ नका. यकृताचा आजार असेल किंवा रोज दारू होत असेल तर पॅरासिटामॉलबद्दलही आधी विचारा.